मावशीचा फोन तेलुगूत गेलाय? व्हिडिओ कॉलवर नुसत्या खुणा सांगून मराठी परत आणायची रीत

गावाकडच्या माणसाच्या फोनची भाषा अचानक बदलते आणि त्याला तर सोडाच, आपल्यालाही त्यातलं अक्षर वाचता येत नाही. "सेटिंग्जमध्ये जा, सिस्टीम दाब" असं सांगण्यात तेव्हा काही अर्थ नसतो, कारण ते शब्द त्या स्क्रीनवर नसतातच. उरतं ते एवढंच: वरून कितवं, कोणत्या हाताकडे, कसलं चित्र, कोणता रंग. एवढ्यावर काम होतं. फक्त सांगायची शिस्त लागते.

उदाहरण माझ्या मावशीचं घेते. ती जिंतूरला, मी पुण्यात. मावसभाऊ हैदराबादला कामाला होता, त्याने जुना फोन तिला दिला. फोन तेलुगूत. मावशीचा निरोप आला, "नुसती वेटोळी दिसायलीत बघ, घड्याळ तेवढं कळायलंय." फोन साध्या अँड्रॉइडचा होता, म्हणजे मोटोरोला किंवा पिक्सेलवर असतो तसा. सॅमसंगचा रस्ता थोडा वेगळा आहे, तो जागच्या जागी सांगते. बाकी कंपन्यांत ओळींची नावं आणि क्रम बदलतात, पण खुणा बऱ्याचशा सारख्याच राहतात.

## १. कॉल लावण्याआधी काय हाताशी हवं

- बिघडलेला फोन, निम्म्याहून जास्त चार्ज केलेला. वीज कधी जाईल सांगता येत नाही.
- कॉलसाठी दुसरा फोन: शेजाऱ्याचा, सुनेचा, नातवाचा, कुणाचाही.
- तो दुसरा फोन धरायला एक माणूस.
- मावशीचा चष्मा. हे गमतीने लिहिलेलं नाही.
- बिघडलेल्या फोनची कंपनी. पाठीवरच्या खुणेचा फोटो मागवला की कळते.
- जमलं तर तुमच्याकडे त्याच कंपनीचा एखादा फोन.

तसा फोन मिळालाच तर एक युक्ती करा. तुमच्या फोनवर भाषांच्या यादीत तेलुगू घाला आणि ती पहिल्या नंबरला न्या, मराठी दुसऱ्या नंबरला ठेवा. तुमची स्क्रीनही आता मावशीसारखीच वेटोळी झाली. हा रस्ता एकदा स्वतः चालून परत मराठीत या. डोळे शब्द शोधायचे थांबतात आणि चित्रं बघायला लागतात. जाताना प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट काढा, दाबायच्या जागी बोटाने लाल गोल काढा आणि ते फोटो दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा. मध्येच रेंज गेली तर हेच फोटो उपयोगी पडतात.

## २. कॅमेरा कोणाचा, स्क्रीन कोणाची

दुसऱ्या फोनवरून व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल लावायचा आणि त्याचा मागचा कॅमेरा मावशीच्या फोनवर रोखायचा. कॉल सुरू झाला की पुढचा कॅमेरा चालू असतो, म्हणून आधी मावशीचा चेहरा आणि मग छत दिसतं. स्क्रीनवर एकदा टेकवलं की बटणं दिसतात. त्यांत कॅमेऱ्याच्या चित्रात गोल फिरणारे बाण असलेलं बटण असतं, ते दाबायचं.

मावशीचा फोन हातात नको, पलंगावर किंवा सतरंजीवर सपाट ठेवा. कॅमेरा धरणाऱ्याने थोडं तिरकं धरायचं. बरोबर वरून धरलं की ट्यूबलाइट काचेत दिसते आणि स्क्रीन पांढरी पडते. अंधाऱ्या खोलीत स्क्रीनचा उजेड कमी करायला सांगा, नाहीतर तुम्हाला नुसता पांढरा चौकोन दिसेल.

गावच्या रेंजवर व्हिडिओत बारीक अक्षरं कधीच नीट दिसत नाहीत. चित्रं, रंग आणि किती ओळी आहेत हे मात्र दिसतं, आणि आपल्याला तेवढंच हवंय. कुठे अगदी बारीक बघायची वेळ आली तर कॉल चालू ठेवून दुसऱ्या फोनने फोटो काढून पाठवायला सांगा. व्हिडिओपेक्षा फोटो कितीतरी स्वच्छ येतो.

कॅमेरा धरणाऱ्याला आधीच बजावून ठेवा की फोनला हात लावायचा नाही. मावशीची नात पाचवीत आहे. तिला इंग्रजी अक्षरं येतात, म्हणून ती आपल्या मनानेच पुढे पुढे दाबत होती. तुम्ही तिसरी ओळ सांगता आणि पोरगी दोन पडदे पुढे गेलेली असते. आपण ज्याला सांगतोय तेच बोट फोनवर हवं.

## ३. आधी बोली ठरवा

या पायरीला वेळ द्या. इथे घाई केली की पुढे प्रत्येक पडद्यावर "कुठं? कुठं?" सुरू होतं.

फोन कसा ठेवायचा. "चार्जर लावायचं भोक तुझ्या पोटाकडे." एवढं सांगितलं की वर-खाली ठरतं. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते आणि ओळींचा हिशोब चुकतो, म्हणून तो तसाच राहू द्यायचा.

डावं-उजवं. कॅमेरा मावशीच्या समोरून धरला असेल तर तुमचं उजवं तिचं डावं असतं. म्हणून "उजवीकडे" न म्हणता "जेवायच्या हाताकडे" म्हणा. तिचा हात तिला ठाऊक असतो, आणि बोलताना तुमचाही गोंधळ होत नाही. कॅमेरा धरणाऱ्याला मावशीच्या खांद्यामागे उभं केलं तर आणखी सोपं.

सरकवणं. "खाली जा" हे दोन शब्द टाळा. यादीचा खालचा भाग बघायचा असेल तर बोट वर न्यावं लागतं, आणि "खाली जा" ऐकून माणूस बोट खाली ओढतो. नेहमी बोटाची हालचाल सांगा: "बोट खालून वर ओढ. अजून. सरकायचं थांबेपर्यंत ओढ."

टेकवणं. म्हातारी माणसं बटण दाबल्यासारखं जोर लावून बोट ठेवून देतात. फोनला ते वेगळं कळतं: चित्र उचललं जातं, ओळ निवडली जाते, भलतीच चौकट उघडते. "टेकव आणि लगेच उचल," असं म्हणा आणि आधी नुसत्या घरच्या पडद्यावर एक-दोनदा करून घ्या. शेतात काम करणाऱ्यांची बोटं कोरडी आणि घट्टे पडलेली असतात, काचेला ती कधी कधी लागतच नाहीत. मग "फोन बिघडला" असं वाटतं. बोट ओल्या फडक्याला पुसून किंचित ओलसर केलं की काम होतं. अंगठ्याऐवजी करंगळी वापरून बघा, तिची कातडी जरा मऊ असते.

मोजणं. यादी अर्धवट सरकलेली असताना "वरून तिसरी" म्हणजे नक्की कोणती ते तुम्हालाही सांगता येणार नाही. म्हणून आधी यादी एका टोकाला न्या आणि तिथून मोजा. टोकाला गेलेली यादी पुढे सरकत नाही, हीच खूण.

विचारणं. "झालं का?" विचारलं की उत्तर कायम "हो" येतं. "आता काय दिसायलंय?" असं विचारा आणि ती सांगेल ते ऐका. "एक बाण आहे, खाली चार ओळी, पहिल्या ओळीपुढं गोल" असं उत्तर आलं तर तुम्ही बरोबर जागी आहात. "काहीतरी आलं" म्हणाली तर पुढे जाऊ नका.

सगळ्यात आधी परतीची वाट शिकवा, म्हणजे भीती जाते. तळाशी तीन खुणा असतील तर मधल्या गोलाने किंवा चौकोनाने घरच्या पडद्यावर परत येता येतं. तळाला नुसती आडवी रेघ असेल तर तिच्यावरून बोट वर ओढायचं. रस्ता चुकला की तिथूनच परत सुरू करा. मागे मागे जाऊन दुरुस्ती करत बसू नका.

## ४. दातेरी चक्र गाठा

ॲपच्या यादीत शोधण्यापेक्षा वरून जाणं सोपं, कारण तिथे नाव वाचावंच लागत नाही. स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेपासून बोट खाली ओढायचं, आणि मग परत एकदा खाली ओढायचं. वायफाय, टॉर्च, विमान अशी चित्रं असलेली पाटी उघडते. तिच्या जेवायच्या हाताकडच्या कोपऱ्यात, फोनप्रमाणे वर किंवा खाली, एक छोटं दातेरी चक्र असतं. काही कंपन्यांत ही पाटी फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यातून ओढली तरच येते. मधून ओढली तर नुसते आलेले निरोप दिसतात.

चक्राशेजारी कधी पेन्सिल असते, कधी बंद करायचं गोल बटण असतं (वर तोंड उघडं असलेला गोल आणि त्यात एक उभी रेघ). मावशीला विचारा, "चक्राच्या कडेला दाते दिसायलेत का?" दाते नसतील तर ते चक्र नाही.

चक्र उघडलं की एक लांब यादी येते. सगळ्यात वर भिंगाचं चित्र आणि त्याच्यापुढे रिकामी पट्टी असते. तुम्हाला वाटेल, इथे इंग्रजीत लँग्वेज टाइप करून बघू. त्यात वेळ घालवू नका. फोन बहुधा त्या वेळी लावलेल्या भाषेतल्या नावांतच शोधतो, आणि ती नावं तेलुगू आहेत.

## ५. भाषेची ओळ, आणि त्याच पानावरचा धोका

साध्या अँड्रॉइडवर "बोट खालून वर ओढ, थांबेपर्यंत" म्हणून यादीच्या तळाशी न्या. तळाच्या दोन-तीन ओळींत गोलाच्या आत i असं चित्र शोधायचं: गोल, त्यात उभी रेघ, रेघेच्या डोक्यावर टिंब. जवळच मोबाइलच्या आकाराच्या चौकटीत तसाच i असलेली दुसरी ओळ असू शकते, ती फोनच्या माहितीची. आपल्याला गोलातला हवा. चुकून दुसरी उघडली तर नुकसान नाही, नुसते लांबलचक आकडे दिसतात. मागे यायचं.

गोलातला i उघडला की सगळ्यात वरच्या ओळीवर पृथ्वीचं चित्र असतं: गोल, त्यात आडव्या-उभ्या रेषांची जाळी. तीच भाषेची ओळ.

सॅमसंगवर i शोधू नका. यादीच्या मधल्या-खालच्या भागात तीन आडव्या रेघांवर एकेक टिकली असलेलं चित्र असतं. ते उघडलं की पहिली ओळ भाषेची.

आता धोका. दोन्ही फोनांत ज्या पानावर पहिली ओळ भाषेची असते, त्याच पानाच्या खालच्या भागात फोन पुसून कोरा करायची ओळ असते. साध्या अँड्रॉइडवर तिच्यापुढे मागे वळणाऱ्या गोल बाणाचं चित्र असतं. नुसतं उघडल्याने काही पुसलं जात नाही, पुढे आणखी पायऱ्या असतात आणि बहुतेक वेळा फोनचा पिनही मागितला जातो. पण वाचता न येणाऱ्या भाषेत माणूस "पुढे, पुढे" दाबत राहतो आणि फोटो, नंबर सगळं जातं. म्हणून या पानावर येण्याआधीच मावशीला सांगून ठेवा: "आता जे पान येईल, त्यात फक्त सगळ्यात वरची ओळ आपली. खालच्या ओळींना हात लावायचा नाही." आणि कुठेही फोन मध्येच पिन मागायला लागला तर तिथेच थांबायचं. भाषा बदलायला पिन लागत नाही.

पृथ्वीची ओळ उघडल्यावर नव्या फोनांत आणखी एक पान मध्ये येतं, त्यातलीही पहिलीच ओळ घ्या. शेवटी जे पान येईल त्यात 1 आकडा आणि त्यापुढे तेलुगू भाषेचं नाव असेल. खाली अधिकचं चिन्ह असलेली ओळ. आपण बरोबर जागी आलो.

## ६. मराठी आणा आणि वर न्या

अधिकचं चिन्ह टेकवलं की भाषांची मोठी यादी उघडते. एवढा वेळ खुणांवर चाललेलं काम इथे सोपं होतं, कारण या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्या स्वतःच्या लिपीत असतं. मावशीला मराठी वाचता येतं, तर तिलाच वाचू द्या. आता तुम्ही गप्प बसा.

यादी लांब आहे, आणि देवनागरीत एकच नाव नाही. हिन्दी, नेपाली, कोंकणी ही नावंही त्याच लिपीत दिसतात. घाईत हिन्दीवर बोट पडतं. म्हणून दाबण्याआधी मोठ्याने वाचायला लावा: "म, रा, ठी." वाचल्यावरच टेकवायचं. पुढे भारत असा देश विचारला तर तो निवडायचा.

सॅमसंगवर इथे छोटी चौकट येते, तिच्यात दोन बटणं असतात. एक आहे तीच भाषा ठेवायला, दुसरं नवी लावायला. जेवायच्या हाताकडचं घ्या.

साध्या अँड्रॉइडवर मात्र मराठी 2 नंबरला जाऊन बसते आणि फोन तेलुगूच राहतो. पुष्कळ जण इथे "झालं नाही" म्हणून फोन ठेवून देतात. दोन्ही ओळींच्या उजव्या टोकाला बारीक आडव्या रेघा असतात. त्या धरून मराठीची ओळ वर ओढायची. इथे टेकवून उचलण्याची शिस्त उलटी होते: "बोट रेघांवर ठेव. उचलू नको. तसंच ओढत तेलुगूच्या वर ने. आता सोड." मावशीचं बोट दर वेळी मध्येच सुटत होतं आणि ओळ परत खाली येत होती. कंटाळून तीच म्हणाली, "त्या तेलुगूलाच काढून टाक की." तिचं बरोबर होतं, तोही रस्ता चालतो. वरच्या कोपऱ्यातले तीन टिपके, त्यातली काढून टाकायची ओळ, तेलुगूपुढे बरोबरची खूण, आणि मग वर आलेला कचऱ्याचा डबा. पहिली भाषा निघाली की दुसरी आपोआप पहिली होते. या सगळ्या कामात डब्याचं चित्र दाबायची परवानगी फक्त इथे आहे, हेही सांगून टाका, नाहीतर पुढे डबा दिसेल तिथे दाबला जाईल.

काम झालं की नाही हे तुम्हाला कॅमेऱ्यातूनही कळतं. ओळींची उंची, लिपी सगळं क्षणात बदलतं, आणि बहुतेक फोनांवर घड्याळाचे आकडेही देवनागरी होतात: 10:40 चं १०:४०.

## ७. चौकट आली तर कोणतं बटण

मध्येच एखादी चौकट आली आणि दोन बटणं दिसली तर अँड्रॉइडची सवय अशी: पुढे जायचं बटण उजव्या हाताला, नको म्हणायचं डाव्या हाताला. परवानग्या मागणारी चौकट वेगळी असते, तिच्यात बटणं एकाखाली एक येतात आणि नकार सगळ्यात खाली असतो. काय विचारतंय ते कळत नसेल तर नकाराचं घ्या. भाषेच्या कामात नकार देऊन काहीही बिघडत नाही, फार तर परत करावं लागतं.

रंगावर फार विसंबू नका. अँड्रॉइड १२ पासून पुष्कळ फोनांत बटणांचे रंग मागच्या चित्रावरून ठरतात. मावशीने पडद्यामागे विठ्ठलाचा फोटो लावला असेल तर तुमच्याकडची निळी बटणं तिच्याकडे पिवळट किंवा गुलाबी असतील. काळा पडदा लावलेला असेल तर पांढऱ्या-काळ्याची अदलाबदल होते. शिवाय मोतीबिंदू असलेल्या माणसाला सगळं जरा पिवळं दिसू शकतं, निळा आणि हिरवा वेगळा करणं अवघड जातं. म्हणून "निळं बटण" म्हणण्याऐवजी "भरलेलं बटण" आणि "नुसती अक्षरं" असा फरक सांगा. रंगाचा भरवसा दोनच ठिकाणी: कॉल उचलायचा हिरवा, तोडायचा लाल. आणि यादीत कुठे लाल अक्षरं दिसली तर ती बहुधा पुसायची असतात, तिकडे जायचं नाही.

चालू-बंदच्या खटक्यातही रंगाऐवजी गोळी बघा. गोळी उजवीकडे सरकलेली असेल तर चालू, डावीकडे असेल तर बंद.

## ८. भाषा उर्दू असेल तर सगळं उलटं

आपल्या भागात हे होतं, कारण फोन देणारा किंवा दुकानदार उर्दू वाचणारा असू शकतो. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे फोन अक्षरंच नाही तर अख्खा पडदा आरशातल्यासारखा पालटतो. ओळींची चित्रं उजव्या कडेला जातात. मागे जायचा बाण वरच्या उजव्या कोपऱ्यात येतो आणि त्याचं टोक उजवीकडे असतं. दातेरी चक्र डाव्या बाजूला. तीन टिपके डावीकडे. खटक्याची गोळी डावीकडे असेल तर चालू. चौकटीत पुढे जायचं बटण डावीकडे.

वर-खालचा क्रम मात्र तसाच राहतो. गोलातला i तळाशीच, भाषेची ओळ पहिलीच. म्हणून वर लिहिलेला रस्ता तसाच धरा, फक्त "जेवायचा हात" म्हणेन तिथे दुसरा हात समजा. फोन पालटलाय हे कॉलच्या सुरुवातीलाच बघून घ्या: मागे जायचा बाण कोणत्या कोपऱ्यात आहे, एवढं विचारलं की पुरे.

परभणी-नांदेडकडे मात्र याहून सोपा उपाय बहुतेक गल्लीत असतो. उर्दू वाचणारा शेजारी असेल तर व्हिडिओ कॉल बंद करा आणि त्याला हाक मारा. तेलुगूचंही तेच: देगलूर, धर्माबादकडे तेलुगू वाचणारं माणूस सहज सापडतं. जिंतूरला आम्हाला सापडलं नाही.

## ९. दुसरा फोन नसेल तर

मग बिघडलेल्या फोनवरूनच कॉल करायचा आणि त्याची स्क्रीन तुमच्याकडे पाठवायची. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये ही सोय ऑगस्ट २०२३ पासून आहे. कॉलच्या बटणांत बाण असलेल्या मोबाइलचं चित्र शोधायचं. ते दिसलं नाही तर तीन टिपक्यांत असतं.

दाबल्यावर फोनची चौकट येते, अर्थात तेलुगूत. उजवीकडचं बटण सुरू करायचं. नव्या फोनांत त्या चौकटीत एक पट्टी असते, टोकाला खाली वळलेला छोटा बाण असलेली. तिथे फक्त एक ॲप दाखवायचं की पूर्ण स्क्रीन, असं विचारलेलं असतं. एकच ॲप निवडलं गेलं तर मावशी दातेरी चक्रात गेल्यावर तुम्हाला काहीच दिसत नाही. पट्टी टेकवायची, दोन ओळी उघडतील, त्यातली दुसरी ओळ निवडून बघा. तिने पूर्ण स्क्रीन आली नाही तर पहिली.

यात अक्षरं स्वच्छ दिसतात, पण मावशीचं बोट दिसत नाही. ती कुठे दाबायला निघाली आहे ते कळत नाही, दाबून झाल्यावरच कळतं. म्हणून मला दुसरा फोन आणि तिरका कॅमेरा हेच बरं वाटतं.

स्क्रीन पाठवत असताना बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप उघडायचं नाही. त्यांचे बरेच पडदे समोरच्याला काळे दिसतात, पण वर येणारे निरोप आणि त्यातले ओटीपी दिसू शकतात. स्क्रीन पाठवायची ती घरच्या माणसालाच. "तुमचं केवायसी करून देतो, स्क्रीन दाखवा" म्हणणारा कुणीही असो, फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा. हे मावशीला मी निराळ्या दिवशी, निवांत सांगितलं. भाषेच्या गडबडीत सांगितलेलं लक्षात राहत नाही.

## १०. मराठी आली, तरी काही ठिकाणी तेलुगू उरते

फोन मराठी झाला तरी एखादं ॲप तेलुगूत राहू शकतं, कारण काही ॲपची भाषा त्यांच्या आत वेगळी लावलेली असते. व्हॉट्सॲप त्यातलंच. त्याच्या सेटिंग्जमध्ये पृथ्वीचं चित्र असलेली ओळ बघा, तिथेही भाषांची नावं आपापल्या लिपीत असतात.

टायपिंगची पाटीही वेगळी. जीबोर्डवर एकाहून जास्त भाषा असतील तर जागा सोडायच्या लांब बटणाजवळ पृथ्वीचं बटण असतं, ते टेकवत गेलं की भाषा पालटते. लांब बटण दाबून धरलं तर भाषांची यादी येते आणि तिच्यातून मराठी घेता येते. यादीत मराठीच नसेल तर ती जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन घालावी लागते. त्यासाठी वेगळा कॉल ठेवा. एका बैठकीत दोन्ही करायला गेलं की दोघांचाही जीव थकतो.

ओढून मराठी वर आली असेल आणि तेलुगू अजून 2 नंबरला बसलेली असेल तर ती तिथेच राहिली तरी त्रास नाही. पण घरात लहान पोरं असतील तर काढलेली बरी. तीन टिपके, काढायची ओळ, तेलुगूपुढे खूण, कचऱ्याचा डबा. चुकून दोन्ही भाषांपुढे खूण झाली तर फोन सगळ्या काढू देत नाही, एक तरी ठेवायलाच लावतो.